जागा बदलल्याची सूचना : कारखान्यातील अग्निसरावाच्या सूचनापत्राचा व्यावहारिक मराठीच्या अंगाने विचार

सारांश

आग लागल्यावर कामगारांनी कोठे जमावे ही जागा बदलली आणि आगीच्या सरावाच्या वेळाही बदलल्या, की कारखान्याच्या फलकावर एक सूचना लागते. सूचनालेखनाच्या पाठ्यपुस्तकी नमुन्यात ती चार ओळींत बसते. परंतु ही सूचना नवी माहिती देणारी नसून जुनी सवय मोडणारी असते. म्हणून तिचा आशय, भाषा आणि क्रम इतर सूचनांहून वेगळा असावा लागतो. प्रस्तुत लेखात एक काल्पनिक कारखाना उदाहरणादाखल घेऊन सदोष सूचना, तिच्यातील उणिवा आणि सुधारित सूचना यांचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : सूचनालेखन, जमण्याची जागा, अग्निसराव, पाळी, हजेरी, व्यावहारिक मराठी.

१. प्रस्तावना

कारखान्यात आगीचा सायरन वाजल्यानंतर कामगार इमारतीबाहेर पडून एका ठरलेल्या मोकळ्या जागी जमतात. या जागेवर हिरव्या पाट्यावर पांढऱ्या रंगात मधोमध माणसांचा समूह आणि चार कोपऱ्यांतून त्याच्याकडे येणारे चार बाण असे चिन्ह असते. कामगारांच्या बोलण्यात ती जागा ‘असेंब्ली पॉइंट’ म्हणून ओळखली जाते. सुरक्षित अंतरावर जाणे हा तेथे जमण्याचा एक हेतू होय. दुसरा हेतू तितकाच महत्त्वाचा आहे, तो म्हणजे मोजणी. आत कोणी राहिले आहे काय, या एकाच प्रश्नाचे उत्तर अग्निशमन दलाला पोहोचताक्षणी हवे असते आणि ते त्या जागेवरच्या हजेरीतून मिळते.

जागा बदलल्याची सूचना कामगारांपर्यंत अर्धवट पोहोचली तर काय होते, हे साध्या हिशेबातून दिसते. रात्रपाळीला ४६ माणसे कामावर आहेत असे समजा. आग लागल्यावर ४३ जण नव्या जागी जमले आणि ३ जण सवयीने जुन्या जागी जाऊन उभे राहिले. चौघांनाही, म्हणजे त्या तिघांना आणि मोजणाऱ्या पर्यवेक्षकाला, आपले काही चुकले असे वाटत नाही. पर्यवेक्षक मात्र अग्निशमन दलाला ‘तीन जण आत आहेत’ असे सांगतो. मग जे सुरक्षित आहेत त्यांच्या शोधासाठी जवान धुरात शिरतात. याउलट, पर्यवेक्षकाने ‘ते तिघे जुन्या जागी गेले असतील’ असे गृहीत धरले आणि ते खरोखर आत असले, तर त्याचे परिणाम सांगावयास नकोत. सूचनापत्रातील संदिग्धतेची किंमत ही अशी असते.

२. लेखाची उद्दिष्टे

१) जमण्याची जागा बदलल्याच्या सूचनेत कोणता आशय अनिवार्य आहे ते स्पष्ट करणे.
२) सरावाच्या वेळा लिहिताना होणाऱ्या भाषिक चुका दाखविणे.
३) सदोष व सुधारित सूचनेची तुलना करून सूचनालेखनाच्या अध्यापनास उपयोगी पडेल असा नमुना देणे.

३. कायद्यातील अपेक्षा

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३८ मध्ये आगीबाबतची तरतूद होती. केवळ बाहेर पडण्याचे मार्ग ठेवावेत एवढेच ते कलम सांगत नव्हते. सर्व कामगार त्या मार्गांशी परिचित असावेत आणि अशा वेळी पाळावयाच्या क्रमाचे त्यांना पुरेसे प्रशिक्षण मिळालेले असावे, अशी त्यात अट होती. त्याच अधिनियमाच्या कलम १०८ नुसार कायद्याने आवश्यक असलेल्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, मुख्य प्रवेशद्वाराजवळ ठळक व सोयीच्या जागी, स्वच्छ आणि वाचता येतील अशा स्थितीत लावावयाच्या होत्या. दि. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या परिस्थितीविषयीच्या २०२० च्या संहितेने घेतली आहे. तथापि, सूचना कशी असावी याचा विचार करताना जुन्या अधिनियमातील ‘परिचित’ आणि ‘समजणारी भाषा’ हे दोन निकष आजही मार्गदर्शक ठरतात. सूचना लावली म्हणजे कामगार परिचित झाला असे होत नाही, हा त्यांचा अर्थ होय.

४. उदाहरणादाखल एक कारखाना

विवेचनाच्या सोयीसाठी पश्चिम महाराष्ट्राच्या पठारी भागातील एका औद्योगिक वसाहतीत पुठ्ठ्याची खोकी तयार करणारा एक काल्पनिक कारखाना घेऊ. त्याचे मुख्य फाटक पूर्वेला रस्त्यालगत आहे. मधोमध उत्पादनाची मोठी शेड, पश्चिमेला कँटीन आणि त्यामागे मोकळे मैदान आहे. मैदानालगत फाटक क्रमांक २ आहे. उत्तरेच्या कुंपणाला लागून सायकल-स्टँड आहे.

कारखान्यात २४० माणसे आहेत. पहिल्या पाळीत ८०, दुसऱ्या पाळीत ७०, रात्रपाळीत ५० आणि जनरल पाळीत ४० अशी त्यांची विभागणी आहे. पहिली पाळी सकाळी ७ ते दुपारी ३, दुसरी दुपारी ३ ते रात्री ११ आणि तिसरी रात्री ११ ते सकाळी ७ अशी चालते. जनरल पाळी सकाळी ९ ते सायंकाळी ५.३० असते. सफाई आणि माल चढविण्या-उतरविण्याचे काम करणारी माणसे ठेकेदाराची असून त्यांतील काहींना मराठी वाचता येत नाही.

आजवर जमण्याची जागा मुख्य फाटकाच्या आत, सुरक्षारक्षकाच्या केबिनशेजारी होती. आता तेथून १२ मीटरवर कागदाच्या रिळांचे गोदाम उभे राहिले आहे. शिवाय अग्निशमन दलाचा बंब याच फाटकातून आत येणार, त्यामुळे जमलेली माणसे त्याच्या वाटेत उभी राहतात. म्हणून जागा कँटीनमागील मैदानात हलविण्याचे ठरले. सराव दर ३ महिन्यांनी सकाळी ११ वाजता होत असे. त्याच्या वेळाही बदलावयाच्या आहेत. या प्रसंगी पुढील प्रकारची सूचना फलकावर लागणे अगदी संभवनीय आहे :

> सूचना
> सर्व कर्मचाऱ्यांना सूचित करण्यात येते की, प्रशासकीय कारणास्तव आपत्कालीन प्रसंगी एकत्र येण्याचे विद्यमान ठिकाण स्थानांतरित करण्यात आले असून सदर ठिकाण यापुढे आवाराच्या पश्चिम बाजूस राहील. तसेच अग्निसरावाच्या वेळापत्रकात बदल करण्यात आला असून दि. १५ जूनपासून सराव सकाळी ११, सायं. ६.३० व रात्री १ वाजता घेण्यात येतील. याची सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी.
> — व्यवस्थापन

व्याकरणदृष्ट्या ही सूचना निर्दोष आहे. कार्यालयीन मराठीचे सर्व संकेत तिने पाळले आहेत. तरीही ती वाचून कामगाराला आपण नेमके काय करावयाचे ते कळत नाही. त्याची कारणे जागा, वेळ आणि भाषा अशा तीन अंगांनी पाहता येतील.

५. जागेविषयी

५.१ जुन्या जागेचे नाव न घेणे : या सूचनेत ‘विद्यमान ठिकाण’ असा उल्लेख आहे, पण ते ठिकाण कोणते हे सांगितलेले नाही. ज्याने दोन-तीन सरावांत भाग घेतला आहे त्याच्या पायांना जुनी वाट पाठ झालेली असते. घाबरलेला माणूस विचार करून चालत नाही, तो सवयीने चालतो. म्हणून ‘केबिनशेजारी आता जमावयाचे नाही’ हे वाक्य ‘कँटीनमागे जमावयाचे’ या वाक्याइतकेच स्पष्ट लिहावे लागते. नवीन जागा सांगणे पुरेसे आहे हा समज या प्रकारच्या सूचनांतील सर्वांत मोठा दोष होय.

५.२ कारण न देणे : ‘प्रशासकीय कारणास्तव’ या शब्दांनी काहीच सांगितले जात नाही. जेथे कारण कळत नाही तेथे बदल साहेबांच्या लहरीचा वाटतो आणि अडचणीच्या वेळी माणूस आपल्या समजुतीकडे वळतो. ‘तेथे कागदाचे गोदाम झाले आहे आणि बंब त्याच फाटकातून येतो’ हे एकच वाक्य वाचले की जुन्या जागी उभे राहणे धोक्याचे आहे, हे कामगाराचे त्यालाच पटते. पटलेली गोष्ट लक्षात राहते.

५.३ दिशा सांगणे, खूण न सांगणे : ‘आवाराच्या पश्चिम बाजूस’ हे नकाशाचे वर्णन आहे. रात्री एक वाजता शेडमधून बाहेर पडणाऱ्या माणसाला पश्चिम सापडत नाही, कँटीन सापडते. जागेचे नाव कामगारांच्या रोजच्या बोलण्यातील खुणेने द्यावे. वाटही सांगावी, कारण शेडच्या पूर्व दारातून बाहेर पडलेल्या माणसाने मैदानात जाण्यासाठी पुन्हा शेडमधून जाण्याचा मोह टाळला पाहिजे. त्याने उत्तरेकडून, सायकल-स्टँडच्या बाजूने वळसा घालावयाचा आहे. हा वळसा सुमारे १४० मीटरचा धरला आणि चालण्याचा वेग मिनिटाला सुमारे ७० मीटर धरला तर दोन मिनिटे लागतात. शेडमधून जाणारी वाट जवळची दिसते, म्हणूनच ती नको हे लिहावे लागते.

५.४ वारा आणि पर्यायी जागा : महाराष्ट्राच्या पठारावर पावसाळ्यात वारा प्रामुख्याने पश्चिमेकडून व नैर्ऋत्येकडून वाहतो. तेव्हा शेडमधील धूर पूर्वेकडे जाईल आणि कँटीनमागील मैदान सुरक्षित राहील. हिवाळ्यात मात्र वारा पूर्वेकडून व ईशान्येकडून येतो. तेव्हा तोच धूर मैदानावर येऊ शकतो. एकच जागा बाराही महिने योग्य असेल असे गृहीत धरता येत नाही, म्हणून सूचनेत दुसरी जागाही हवी. या उदाहरणात ती सायकल-स्टँडची जागा ठरते. तेथे जावयाचे की नाही हे ज्याने त्याने ठरवू नये, अन्यथा पुन्हा माणसे विभागली जातात. पाळीप्रमुखाने सांगितल्यावर सर्वांनी मिळून जावयाचे असते.

पर्यायी जागेचे महत्त्व एका मोठ्या दुर्घटनेने अधोरेखित केले आहे. दि. ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातील ‘पायपर अल्फा’ या तेलफलाटावर स्फोट होऊन आग लागली. फलाटावर २२६ माणसे होती. त्यांपैकी १६५ आणि बचावकार्यातील २ अशी १६७ माणसे मृत्युमुखी पडली. आणीबाणीत निवासी इमारतीत जमून हेलिकॉप्टरची वाट पाहावी अशी तेथील पद्धत होती. अनेकांनी ती पाळली. परंतु धुरामुळे हेलिकॉप्टर उतरणे अशक्य झाले आणि नियंत्रणकक्षच निकामी झाल्याने ‘येथून निघा’ अशी घोषणा कोणी करू शकले नाही. जे वाचले त्यांतील पुष्कळांनी त्या जागेवर वाट न पाहता दोरांवरून उतरून किंवा थेट समुद्रात उड्या घेऊन आपली सुटका केली होती. लॉर्ड कलन यांच्या चौकशी समितीचा अहवाल १९९० मध्ये आला. जमण्याची जागा कागदावर योग्य असली तरी ती धुरात सापडल्यावर काय करावयाचे हे आधीच ठाऊक असावे लागते, हा या घटनेचा प्रस्तुत विषयाशी असलेला संबंध होय.

५.५ जागेसोबत हलवावयाच्या गोष्टी : जागा बदलताना एक गोष्ट हमखास मागे राहते, ती म्हणजे हजेरी. या कारखान्यात ठेकेदाराच्या माणसांची नोंदवही आणि पाहुण्यांची नोंदवही सुरक्षारक्षकाच्या केबिनमध्ये असते. जमण्याची जागा केबिनशेजारी होती तोवर नोंदवह्या आपोआप जागेवर होत्या. जागा पश्चिमेला गेली आणि नोंदवह्या पूर्वेलाच राहिल्या, तर मैदानात १२० माणसे उभी राहतील पण कोण नाही हे कोणालाच सांगता येणार नाही. म्हणून नोंदवह्या कोण आणि कोणत्या वाटेने आणील हे ठरवून सूचनेत नमूद करणे आवश्यक आहे. पाहुण्यांसाठी फाटकावर दिल्या जाणाऱ्या चिठ्ठीवर, ओळखपत्राच्या मागे आणि प्रत्येक विभागातील नकाशावर जुनी जागा छापलेली असेल तर तीही त्याच दिवशी बदलावी लागते. जुना हिरवा पाटा केबिनशेजारी तसाच राहिला तर तो रोज सूचनेच्या विरुद्ध सांगत राहील आणि फलकावरील कागदापेक्षा पाट्यावरच लोकांचा विश्वास बसेल.

दुसरी गोष्ट फाटक क्रमांक २ ची. चोरीच्या भयाने मागील फाटकाला कुलूप असणे ही सर्वत्र आढळणारी स्थिती आहे. मैदानात धूर आला आणि फाटक बंद असले तर जमण्याची जागाच सापळा ठरेल. न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यातील १९११ च्या आगीत १४६ कामगार दगावले. तेथेही बाहेर पडण्याचे एक दार कुलूपबंद होते. किल्ली कोणत्या पाळीत कोणाजवळ राहील याचा निर्णय झाल्याशिवाय ही सूचना काढूच नये.

६. वेळेविषयी

६.१ वेळा का बदलल्या : आजवरचा सराव नेहमी सकाळी ११ वाजता होई. त्या वेळी पहिल्या पाळीचे ८० आणि जनरल पाळीचे ४० असे १२० जण हजर असत. म्हणजे २४० पैकी निम्म्याच माणसांना एका सरावाचा लाभ होई. पाळ्या आलटून-पालटून असल्या तरी रात्रीचे कायमचे कामगार, उदाहरणार्थ काही सुरक्षारक्षक आणि सफाईची माणसे, एकाही सरावात नसत. रात्री माणसे कमी, पर्यवेक्षक एकच आणि प्रकाश अपुरा असतो. नेमक्या याच पाळीला सराव नाही, ही जुन्या वेळापत्रकातील उणीव होती. नव्या पद्धतीत प्रत्येक तिमाहीत तीन सराव, पाळीगणिक एक, असे ठरले.

सराव किती वेळा घ्यावा याचा एक संदर्भ येथे देता येईल. धोकादायक रसायनांचा वापर व साठवण यांविषयीच्या १९८९ च्या केंद्रीय नियमांत आवारातील आपत्ती-आराखड्याचा सराव दर ६ महिन्यांनी घेण्याची अट घातलेली आहे. खोक्यांच्या कारखान्यावर ती अट लागू होईलच असे नाही. पण वर्षातून एकदा, तोही एकाच पाळीत घेतलेला सराव अपुरा आहे हे तीवरून लक्षात येते.

६.२ कोणती वेळ टाळावी : जेवणाच्या सुटीत सराव घेणे सोयीचे वाटते, कारण उत्पादन थांबत नाही. परंतु त्या वेळी बहुतेक कामगार कँटीनमध्ये, म्हणजे नव्या जागेच्या शेजारीच असतात. मिनिटभरात सर्व जमतात आणि निष्पन्न काहीच होत नाही. दुपारी ३ ला पाळी बदलताना दोन पाळ्यांची माणसे आवारात असतात आणि कोणाची हजेरी धरावी याचा घोळ होतो. खरी आग त्या वेळीही लागू शकते हे खरे, पण नव्या जागेची ओळख होण्याआधीच हा कठीण प्रसंग सरावासाठी निवडू नये.

६.३ ‘रात्री १ वाजता’ म्हणजे केव्हा : सूचनेतील भाषिक चुकांपैकी ही सर्वांत सहज घडणारी चूक होय. ‘दि. १९ जून, रात्री १ वाजता’ असे लिहिले तर कामगार १९ तारखेच्या रात्री कामावर येऊन सरावाची वाट पाहील. प्रत्यक्षात तो सराव १८ तारखेला रात्री ११ वाजता सुरू झालेल्या पाळीतच होऊन गेलेला असेल. घड्याळाप्रमाणे तारीख मध्यरात्री बदलते, पण कामगाराच्या लेखी रात्रपाळीची तारीख पाळी सुरू झाली तेव्हाचीच असते. म्हणून रात्रीची वेळ नेहमी पाळीच्या संदर्भात लिहावी. ‘दि. १५ जूनपासून’ या शब्दांतही हीच संदिग्धता आहे. १४ तारखेची रात्रपाळी १५ च्या सकाळी ७ पर्यंत चालते. पहाटे ४ वाजता आग लागली तर जुनी जागा की नवी? ‘दि. १५ जूनच्या पहिल्या पाळीपासून, सकाळी ७ वाजल्यापासून’ असे लिहिले की प्रश्नच उरत नाही.

६.४ वेळ सांगण्याचा धोका : सरावाची वेळ जाहीर केली की त्या वेळी वाजलेला खरा सायरनही सरावाचाच वाटतो. सहा वाजून पंचवीस मिनिटांनी खरी आग लागली तर दुसऱ्या पाळीतील माणूस ‘पाच मिनिटे आधीच वाजवला’ असे म्हणून हातातले काम पुरे करीत बसेल. यावर उपाय एकच : सायरन कोणत्याही वेळी वाजला तरी बाहेर पडावयाचे, हा नियम वेळापत्रकाच्या लगेच खाली लिहावा. याखेरीज, जागा बदलल्यानंतरचा पहिला सराव मिनिटानिशी जाहीर करावा आणि पुढील सरावांचा केवळ आठवडा सांगावा. वेळ ठाऊक असली की माणसे आधीच यंत्र थांबवून दाराजवळ येऊन उभी राहतात. सायरनपूर्वीच कोणी बाहेर दिसू लागले तर त्या सरावात मोजलेला वेळ खरा नाही असे समजावे.

७. भाषेविषयी

‘स्थानांतरित करण्यात आले असून’ या कर्मणी रचनेत कर्ता लपतो. तो लपला तरी बदलाच्या घोषणेपुरते फारसे बिघडत नाही. कृती सांगताना मात्र बिघडते. ‘हजेरी घेण्यात येईल’ यातून कोण घेणार ते कळत नाही. ‘पाळीप्रमुख हजेरी घेतील’ यातून कळते. तसेच ‘सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी’ या रूढ समाप्तीत वाचकाने नोंद घेण्यापलीकडे काही करावयाचे नसते. ज्या सूचनेत चालणे, थांबणे आणि नाव सांगणे अपेक्षित आहे तेथे हीच क्रियापदे आली पाहिजेत.

शब्दांच्या निवडीत शुद्धतेपेक्षा ओळख महत्त्वाची ठरते. ‘एकत्रीकरण स्थळ’ हा शब्द कोशात शोभतो, पण पाट्यावर आणि तोंडी ‘असेंब्ली पॉइंट’ असेल तर सूचनेतही तो शब्द यावा, सोबत ‘जमण्याची जागा’ हे मराठी स्पष्टीकरण असावे. ‘ड्रिल’, ‘सायरन’, ‘कँटीन’ यांबाबतही हेच म्हणता येईल. ज्यांना मराठी वाचता येत नाही त्यांच्यासाठी ‘बहुसंख्यांची भाषा’ हा निकष अपुरा पडतो. त्यांच्यासाठी हिंदी प्रत लावावी, पाळी सुरू होताना सूचना मोठ्याने वाचून दाखवावी आणि त्यांना एकदा त्या जागेपर्यंत चालवत न्यावे.

८. सुधारित सूचना

वरील विवेचनाच्या आधारे तीच सूचना पुढीलप्रमाणे लिहिता येईल :

> आग लागल्यावर जमण्याची जागा बदलली आहे
>
> दि. १५ जूनच्या पहिल्या पाळीपासून (सकाळी ७ वाजल्यापासून) असेंब्ली पॉइंट कँटीनमागील मैदानात राहील. मुख्य फाटकावरील केबिनशेजारी यापुढे कोणीही जमू नये. तेथे कागदाचे गोदाम झाले आहे आणि अग्निशमन दलाचा बंब त्याच फाटकातून आत येतो.
>
> सायरन वाजल्यावर
> १) यंत्र बंद करून जवळच्या दाराने बाहेर पडावे. सामान घेण्यासाठी थांबू नये.
> २) पूर्वेच्या दाराने बाहेर पडलेल्यांनी सायकल-स्टँडच्या बाजूने मैदानात जावे. पुन्हा शेडमधून जाऊ नये.
> ३) मैदानात आपल्या विभागाच्या पाटीजवळ उभे राहून पाळीप्रमुखांना नाव सांगावे. ठेकेदाराच्या कामगारांची व पाहुण्यांची नोंदवही सुरक्षारक्षक उत्तरेच्या वाटेने घेऊन येतील.
> ४) मैदानात धूर आल्यास पाळीप्रमुख सांगतील तेव्हा सर्वांनी मिळून सायकल-स्टँडवर जावे. फाटक क्रमांक २ ची किल्ली प्रत्येक पाळीत पाळीप्रमुखांजवळ राहील.
> ५) ‘हजेरी पूर्ण’ असे जाहीर होईपर्यंत कोणीही जागा सोडू नये.
>
> नव्या जागेवरील पहिली ड्रिल
> पहिली पाळी व जनरल पाळी : दि. १६ जून, सकाळी ११ वाजता.
> दुसरी पाळी : दि. १७ जून, सायंकाळी ६.३० वाजता.
> रात्रपाळी : दि. १८ जूनला रात्री ११ वाजता सुरू होणाऱ्या पाळीत, मध्यरात्रीनंतर १ वाजता.
> यापुढे प्रत्येक तिमाहीत प्रत्येक पाळीची एक ड्रिल होईल. आठवडा आधी कळविला जाईल, वेळ कळविली जाणार नाही.
>
> सायरन ठरलेल्या वेळी वाजो वा इतर वेळी, तो खराच समजून बाहेर पडावे.
>
> शंका असल्यास आपल्या पाळीप्रमुखांना विचारावे. ही सूचना केबिनशेजारी लावलेल्या सर्व जुन्या सूचना रद्द करते.
> — कारखाना व्यवस्थापक (नाव, सही व दिनांक)

मूळ सूचनेपेक्षा ही बरीच लांब आहे. पण तिच्यातील प्रत्येक वाक्य कोणत्या ना कोणत्या कामगाराला पडणाऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. शीर्षकातच बदल सांगितला असल्यामुळे फाटकातून घाईने आत जाणाऱ्याच्याही तो नजरेस पडतो.

९. सूचना पोहोचली हे कसे ओळखावे

फलकावर लावलेल्या कागदाखाली सह्या घेतल्या तर सूचना वाचल्याचा पुरावा मिळतो, समजल्याचा मिळत नाही. ती समजली की नाही हे पहिल्या सरावात दिसते. त्या दिवशी एका पर्यवेक्षकाने मुद्दाम जुन्या जागी उभे राहावे. तेथे किती माणसे आली हा सूचनेच्या यशापयशाचा सर्वांत सरळ आकडा होय. ती कोणत्या विभागाची, कोणत्या दाराने आलेली आणि कोणती भाषा वाचणारी आहेत हे विचारले की सूचना नेमकी कोठे अडली तेही कळते.

दुसरे, तीन वेळांची नोंद ठेवावी : सायरन वाजल्याची, शेवटचा माणूस जागेवर पोहोचल्याची आणि हजेरी पूर्ण झाल्याची. समजा, सायरननंतर ४ मिनिटांनी शेवटचा माणूस मैदानात आला, पण हजेरी पूर्ण व्हायला ११ मिनिटे लागली. तर उशीर चालण्यात नाही, मोजण्यात आहे. नोंदवही उशिरा आली, विभागाच्या पाट्या नव्हत्या किंवा ठेकेदाराच्या माणसांची यादी जुनी होती, यांपैकी काहीतरी घडलेले असते. केवळ एकूण वेळ नोंदविला तर हा भेद कधीच दिसत नाही. जानेवारीतील सराव पर्यायी जागेवर घेतल्यास पूर्वेकडील वाऱ्याच्या दिवसांतील व्यवस्थाही तपासली जाते.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. सरावात धूर नसतो आणि कोणी घाबरलेले नसते. त्यामुळे सरावातील वेळ हा खऱ्या प्रसंगातील कमीत कमी वेळ समजावा. जुन्या जागेकडे वळणारी पावले मात्र सरावातही दिसतात आणि तीच या सूचनेची खरी कसोटी आहे.

१०. निष्कर्ष

१) जमण्याची जागा बदलल्याच्या सूचनेत नव्या जागेइतकाच जुन्या जागेचा निषेध व त्याचे कारण स्पष्ट असावे लागते.
२) जागा खुणेने आणि वेळ पाळीने सांगितली तरच ती कामगाराच्या उपयोगाची ठरते. मध्यरात्रीनंतरची वेळ केवळ तारखेने लिहू नये.
३) हजेरीच्या नोंदवह्या, पाटे, नकाशे आणि मागील फाटकाची किल्ली जागेबरोबर हलली नाही तर उत्तम लिहिलेली सूचनाही निष्फळ ठरते.
४) सराव सर्व पाळ्यांना मिळावा आणि सरावाच्या वेळेमुळे खरा सायरन दुर्लक्षिला जाऊ नये, याची काळजी सूचनेच्या शब्दांतच घ्यावी लागते.
५) व्यावहारिक मराठीच्या अध्यापनात सूचनालेखनाचा नमुना बैठक किंवा सुटीच्या सूचनेपुरता मर्यादित असतो. बदलाची सूचना हा वेगळा प्रकार म्हणून शिकविल्यास, वाचकाला आधी काय ठाऊक आहे आणि त्यातले काय विसरावयास लावावयाचे आहे याचा विचार विद्यार्थी करू लागेल. वरील दोन सूचना शेजारी ठेवून दुसरीतील प्रत्येक वाक्य कोणाच्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे हे लिहावयास सांगणे, हा त्यासाठी सोपा स्वाध्याय होऊ शकतो.